फॉस्फोरिक आम्लाचा वितरण आलेख: बेरीज एक येते, तरीही आलेख का चुकतो?

दरवर्षी पदव्युत्तर वर्गाच्या प्रात्यक्षिकात मी फॉस्फोरिक आम्लाचा वितरण आलेख, म्हणजे कोणत्या सामूला त्याच्या प्रत्येक रूपाचा अंश किती हे दाखवणारा आलेख, काढायला देते, आणि दरवर्षी दोन-तीन आलेखांत अगदी तोच दोष आढळतो. HPO₄²⁻ या रूपाचा वक्र सामू ७.२० ते १२.३५ या रुंद पट्ट्यात सर्वांत वर असायला हवा. त्याऐवजी तो सामू ५.१ च्या आसपास एक अरुंद उंचवटा दाखवतो, ०.३६ च्या वर चढत नाही आणि लगेच खाली येऊन शून्याला टेकतो. PO₄³⁻ चा वक्र मात्र सामू ७ लाच जवळजवळ १ वर पोहोचलेला असतो. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने असा आलेख छापून आणला होता आणि त्या उंचवट्याभोवती पेन्सिलने गोल केला होता. आलेखात काहीतरी बिघडले आहे हे तिला कळले होते, पण तिचा प्रश्न असा होता: “मॅडम, चारही अंशांची बेरीज प्रत्येक ओळीत बरोबर एक येते आहे. मग चूक असेल तरी कुठे?”

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण बेरजेची तपासणी जवळजवळ प्रत्येक जण करतो आणि ती जुळली की निश्चिंत होतो. प्रत्यक्षात ती तपासणी फार कमजोर आहे. आपण चार पदे घेतो, त्यांची बेरीज करून तो छेद धरतो आणि प्रत्येक पदाला त्या छेदाने भागतो. अशा चार भागाकारांची बेरीज एकच येणार, मग ती चार पदे फॉस्फोरिक आम्लाची असोत किंवा मनाला येतील ते चार आकडे असोत. छेदात एक पद लिहिले आणि अंशात दुसरेच लिहिले, एवढी एकच चूक या तपासणीत सापडते. पदे मुळातच चुकीची मांडली असतील तर बेरीज त्याविषयी काहीही सांगत नाही.

पदे कुठून येतात

फॉस्फोरिक आम्ल तीन टप्प्यांत तीन प्रोटॉन सोडते, म्हणून द्रावणात त्याची चार रूपे असतात: H₃PO₄, H₂PO₄⁻, HPO₄²⁻ आणि PO₄³⁻. २५ अंश सेल्सियसला आणि अतिशय विरल द्रावणात तिन्ही विचरण स्थिरांकांचे pK अनुक्रमे २.१५, ७.२० आणि १२.३५ धरता येतात. वेगवेगळ्या पुस्तकांत दुसऱ्या दशांश स्थळी थोडा फरक दिसतो. तिसऱ्या स्थिरांकात तो थोडा अधिक असतो. आलेखाच्या आकारावर त्याचा परिणाम नगण्य आहे, मात्र एका आलेखासाठी तिन्ही आकडे एकाच तक्त्यातून घ्यावेत.

सूत्र पाठ करण्यापेक्षा ते शिडीसारखे चढत जाणे मला अधिक भरवशाचे वाटते. हायड्रोजन आयनांच्या प्रमाणाला h म्हणू आणि H₃PO₄ चे प्रमाण १ मानू. पहिल्या विचरणाच्या व्याख्येनुसार H₂PO₄⁻ चे प्रमाण त्याच्या K₁/h पट असते. दुसऱ्या विचरणानुसार HPO₄²⁻ चे प्रमाण H₂PO₄⁻ च्या K₂/h पट असते, म्हणजे मूळ रूपाच्या K₁K₂/h² पट. तिसऱ्या पायरीला PO₄³⁻ हे HPO₄²⁻ च्या K₃/h पट, म्हणजे मूळ रूपाच्या K₁K₂K₃/h³ पट होते. प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर उभी आहे, म्हणून स्थिरांकांचा गुणाकार होत जातो. आता चारही प्रमाणांना h³ ने गुणले की अपूर्णांक जातात आणि नेहमीचा छेद मिळतो:

```
D  = h^3 + K1*h^2 + K1*K2*h + K1*K2*K3
a0 = h^3/D          (H3PO4)
a1 = K1*h^2/D       (H2PO4-)
a2 = K1*K2*h/D      (HPO4 2-)
a3 = K1*K2*K3/D     (PO4 3-)
```

वर सांगितलेल्या विद्यार्थिनीच्या तक्त्यात तिसरे पद K₂h होते आणि चौथे पद नुसते K₃ होते. गुणाकार सुटला होता. प्रत्येक रूपाला “त्याचा” स्थिरांक दिला की झाले, असा समज या चुकीमागे असतो आणि तो वरवर स्वाभाविकही वाटतो. ही चूक आलेखात नेमकी कशी दिसेल हे हाताने काढता येते. दुसरे आणि तिसरे पद सारखे व्हायचे तर K₁h² = K₂h, म्हणजे h = K₂/K₁, म्हणजे सामू ७.२० उणे २.१५, बरोबर ५.०५. तिसरे आणि चौथे पद सारखे व्हायचे तर h = K₃/K₂, म्हणजे सामू १२.३५ उणे ७.२०, बरोबर ५.१५. HPO₄²⁻ ला वर यायला सामूच्या जेमतेम दशांश एककाएवढी जागा उरते. सामू ५.१० ला त्याच्या शेजारची दोन्ही पदे त्याच्या ०.८९ पट असतात, म्हणून त्याचा अंश १ भागिले २.७८, म्हणजे ०.३६ एवढाच होतो. पेन्सिलने गोल केलेला उंचवटा तो हाच.

एककांकडे पाहिले असते तर ही चूक आलेख काढण्याआधीच पकडता आली असती. h आणि तिन्ही K यांचे एकक मोल प्रति लिटर हेच आहे. योग्य छेदातील प्रत्येक पदात असे तीन गुणक असतात: h तीनदा, किंवा h दोनदा आणि एक K, आणि असेच पुढे. चौथ्या पदात एकटा K₃ आला तर तीन गुणकांच्या पदात एका गुणकाचे पद मिळवले जाते, आणि अशी बेरीज करताच येत नाही. छेद लिहून झाल्यावर प्रत्येक पदातील गुणक बोटांवर मोजा, असे मी आता वर्गात सांगते.

तक्ता कसा मांडावा, आणि तो कुठे फसतो

स्प्रेडशीटमध्ये B1 ते B3 या चौकटींत तीन pK ठेवावेत, C1 ते C3 मध्ये त्यांवरून K काढावेत, पाचवी ओळ शीर्षकांसाठी ठेवावी आणि A6 पासून खाली ०, ०.१, ०.२ असे १४ पर्यंत सामू भरावेत. एकूण १४१ ओळी होतात. पुढची सूत्रे अशी:

```
C1: =10^(-B1)
B6: =10^(-A6)
C6: =B6^3+$C$1*B6^2+$C$1*$C$2*B6+$C$1*$C$2*$C$3
D6: =B6^3/C6
E6: =$C$1*B6^2/C6
F6: =$C$1*$C$2*B6/C6
G6: =$C$1*$C$2*$C$3/C6
```

C1 चे सूत्र C3 पर्यंत आणि सहाव्या ओळीतील सर्व सूत्रे शेवटपर्यंत खाली ओढावीत. डॉलरची चिन्हे विसरली तर सूत्र ओढताना स्थिरांकांचे संदर्भही खाली सरकतात. सातव्या ओळीत K₁ च्या जागी C2 मधला K₂ येतो, आठव्या ओळीत सूत्र पाचव्या ओळीतील शीर्षकाच्या मजकुरापर्यंत पोहोचते, आणि तेथून खाली सगळीकडे #VALUE! दिसू लागते. ही चूक ढळढळीत दिसते, त्यामुळे ती कुणाच्या अंगलट येत नाही.

त्याहून अधिक घोटाळा C6 च्या रकान्यातील आकड्यांमुळे होतो. K₁K₂K₃ हा गुणाकार सुमारे 2×10⁻²² आहे. चौकटीचे स्वरूप दोन दशांश स्थळांचे असेल तर पडद्यावर ०.०० दिसते, आणि काही जण “शून्य येत आहे” म्हणून ते पद काढून टाकतात किंवा मधल्या रकान्याला ROUND लावतात. पद काढून टाकले की PO₄³⁻ चा वक्रच उरत नाही आणि HPO₄²⁻ सामू १४ पर्यंत १ वर सपाट राहतो. ROUND लावले की बहुतेक ओळींत छेद खरोखरच शून्य होतो आणि #DIV/0! येते. चौकटीचे स्वरूप वैज्ञानिक लेखनपद्धतीचे करावे आणि आकड्यांना हात लावू नये. एवढ्या लहान आकड्यांनी संगणकाची अचूकता ढासळत नाही.

दोष आणखी दोन प्रकारे दिसतो. सगळ्या सामूंवर H₃PO₄ च १ च्या जवळ राहिले आणि बाकीचे तीन वक्र तळाशी पडून राहिले, तर B6 मध्ये घातांकाचे ऋण चिन्ह सुटले आहे: h हा दहाचा उणे सामू एवढा घात असायला हवा, तो अधिक सामू एवढा झाला आहे. आणि दोनच वक्र दिसले, सामू ७.२३ ला एकमेकांना अतिशय तीव्र चढाने छेदून गेले, मधली दोन रूपे मात्र जणू अस्तित्वातच नाहीत असे झाले, तर तिन्ही pK उलट क्रमाने भरले आहेत. हा ७.२३ म्हणजे तिन्ही pK ची सरासरी होय. प्रोटॉन जोडत जाण्याचे स्थिरांक देणाऱ्या तक्त्यांत क्रम PO₄³⁻ पासून सुरू होतो, म्हणून पहिला आकडा १२.३५ असतो, तो डोळे मिटून B1 मध्ये टाकला की हा आलेख मिळतो. येथेही बेरीज एकच येते.

आलेखाचा प्रकार निवडताना स्कॅटर निवडावा. रेषालेख निवडला तर आडव्या अक्षावर सामूऐवजी ओळींचे क्रमांक १ ते १४१ येतात, वक्रांचा आकार हुबेहूब योग्य दिसतो आणि वाचन मात्र चुकते. सामूचे अंतर १ ठेवून वक्र गुळगुळीत करण्याचा पर्याय लावणेही टाळावे, कारण तशा वेळी बिंदूंच्या मधला भाग आम्लाच्या रसायनशास्त्रातून येत नाही, तो आलेख काढणारी प्रणाली आपल्या मनाने भरते. ०.१ अंतर घेतले की तो पर्याय लागतच नाही.

बेरजेऐवजी कोणती तपासणी करावी

मी पाच बिंदू तपासायला सांगते. शेजारच्या दोन रूपांचे वक्र सामू pK एवढा असतानाच छेदायला हवेत: २.१५, ७.२० आणि १२.३५ ला. या तिन्ही ठिकाणी उंची ०.५० असायला हवी. उरलेले दोन बिंदू मधल्या रूपांच्या शिखरांचे आहेत. H₂PO₄⁻ चे शिखर पहिल्या दोन pK च्या मध्यावर, म्हणजे सुमारे ४.६८ ला येते आणि त्याची उंची ०.९९४ असते, HPO₄²⁻ चे शिखर सुमारे ९.७८ ला येते आणि त्याची उंची ०.९९५ असते. हे पाचही बिंदू जुळले तर पदे, क्रम आणि अक्ष तिन्ही योग्य आहेत असे खुशाल समजावे.

छेदनबिंदूची उंची ०.५० येते ती फॉस्फोरिक आम्लाचे pK एकमेकांपासून सुमारे पाच एककांनी दूर आहेत म्हणून. हा सर्वच आम्लांचा नियम नव्हे. सायट्रिक आम्लाचे pK ३.१३, ४.७६ आणि ६.४० असे जवळजवळ आहेत. तेथे छेदनबिंदू pK वरच येतात, पण मधला छेदनबिंदू ०.४९ वर असतो आणि मधल्या रूपांची शिखरे ०.७७ च्या आसपासच थांबतात. फॉस्फोरिकचा तक्ता तसाच ठेवून त्यात सायट्रिकचे आकडे टाकणाऱ्यांना हे दिसते आणि ते चूक शोधू लागतात. तेथे चूक नसते.

निवडलेल्या सामूवर वाचन

आलेखावरून वाचताना डोळ्यांची अचूकता फार तर दोन शतांशांची असते. म्हणून वाचनाच्या शेजारी हाताने केलेला हिशेब ठेवावा, आणि त्यासाठी पूर्ण सूत्राची गरज नसते. शेजारच्या दोन रूपांचे गुणोत्तर म्हणजे दहाचा (सामू उणे pK) एवढा घात. उदाहरणार्थ, कोला पेयांचा सामू सुमारे २.५ असतो आणि त्यांत फॉस्फोरिक आम्ल घातलेले असते. २.५ उणे २.१५ म्हणजे ०.३५, दहाचा ०.३५ घात म्हणजे २.२४. H₂PO₄⁻ हे H₃PO₄ च्या २.२४ पट आहे, म्हणजे ६९ टक्के आणि ३१ टक्के. HPO₄²⁻ येथे H₂PO₄⁻ च्या एक लाखांश भागाच्या दुपटीएवढेच आहे, म्हणून ते सोडून दिले तरी चालते. आलेखावर सामू २.५ ची उभी रेषा ओढून हेच आकडे मिळाले पाहिजेत.

वाचनातली नेहमीची चूक “शून्य” या शब्दाशी निगडित आहे. सामू ७.४ ला PO₄³⁻ चा वक्र अक्षाला चिकटलेला दिसतो, आणि वहीत “PO₄³⁻ नाही” असे लिहिले जाते. हिशेब पाहा: ७.४ उणे १२.३५ म्हणजे उणे ४.९५, म्हणून PO₄³⁻ हे HPO₄²⁻ च्या सुमारे 1.1×10⁻⁵ पट आहे आणि त्याचा अंश सुमारे 7×10⁻⁶ येतो. एवढा अंश रेषीय अक्षावर दिसूच शकत नाही, पण कॅल्शियम फॉस्फेटचा अवक्षेप पडेल की नाही हे ठरवताना विद्राव्यता गुणाकारात नेमके हेच रूप लागते. अशा कामासाठी उभा अक्ष लॉगरिथमिक करावा. मग प्रत्येक वक्र आपल्या पट्ट्यापासून दूर गेल्यावर सरळ रेषेत उतरताना दिसतो, एका pK पलीकडे सामूच्या एका एककाला दहापट आणि आणखी एक pK ओलांडला की शंभरपट, आणि तो कुठे किती आहे हे वाचता येते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. या आलेखात आम्लाची एकूण संहती कुठेच नाही आणि सामू हा बाहेरून दिलेला आकडा आहे. “०.१ मोलर फॉस्फोरिक आम्लात किती टक्के H₂PO₄⁻ असेल?” या प्रश्नाचे उत्तर आलेख एकटा देत नाही. आधी त्या द्रावणाचा सामू काढावा लागतो, तो या स्थिरांकांनी सुमारे १.६३ येतो, आणि मग आलेखावर २३ टक्के हे वाचन मिळते. अंशाला एकूण संहतीने गुणले की त्या रूपाची संहती मिळते.

सामू ७.४: आलेख एक सांगतो, बफरचा तक्ता दुसरे

आता ज्या तक्रारीसाठी मी हे सगळे लिहायला घेतले तिच्याकडे येते. आलेख निर्दोष निघाला, पाचही बिंदू जुळले. विद्यार्थी सामू ७.४ ला वाचन करतो: ७.४ उणे ७.२ म्हणजे ०.२, गुणोत्तर १.५८, म्हणून HPO₄²⁻ ६१ टक्के आणि H₂PO₄⁻ ३९ टक्के. मग तो प्रयोगशाळेतील फॉस्फेट बफरचा तक्ता उघडतो. दोन्ही क्षारांची ०.२ मोलर द्रावणे घेऊन एकूण १०० मिलिलिटर मिसळायचे आणि पाणी घालून २०० मिलिलिटर करायचे, असा तो जुना तक्ता आहे. सामू ७.४ साठी त्यात Na₂HPO₄ चे ८१ मिलिलिटर आणि NaH₂PO₄ चे १९ मिलिलिटर लिहिलेले असतात. ६१ आणि ८१ हा फरक वाचनातील चुकीचा असू शकत नाही. अशा वेळी विद्यार्थी आपला बरोबर आलेखच चुकीचा समजतो आणि सूत्रे मोडू लागतो, हे पाहून मला खरोखर वाईट वाटते.

तक्ताही बरोबर आहे आणि आलेखही बरोबर आहे. फरक स्थिरांकाच्या अटीत आहे. ७.२० हा pK अनंत विरल द्रावणाचा आहे, जेथे आयन एकमेकांना जाणवत नाहीत. ०.१ मोलर बफरमध्ये प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध प्रभाराच्या आयनांची गर्दी असते आणि ती त्याला स्थैर्य देते. प्रभार जितका मोठा तितका हा परिणाम अधिक, आणि तो प्रभाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. HPO₄²⁻ वर दोन प्रभार आहेत, H₂PO₄⁻ वर एक. म्हणून गर्दीचा फायदा पहिल्याला जास्त मिळतो, विचरण पुढे सरकते आणि प्रत्यक्ष pK खाली येतो.

किती खाली, हे डेव्हिस समीकरणाने काढता येते. आधी आयनी तीव्रता I काढू. ०.१ मोलर बफरमध्ये HPO₄²⁻ ०.०८१, H₂PO₄⁻ ०.०१९ आणि सोडियम ०.१८१ मोलर आहे. प्रत्येक संहतीला प्रभाराच्या वर्गाने गुणून बेरीज केली की ०.३२४, ०.०१९ आणि ०.१८१ मिळून ०.५२४ होते, तिची निम्मी म्हणजे ०.२६२ ही आयनी तीव्रता. पुढचा हिशेब असा:

```
I = 0.262,  sqrt(I) = 0.512
f = sqrt(I)/(1+sqrt(I)) - 0.3*I = 0.339 - 0.079 = 0.260
s = 0.509*f = 0.132
pK1' = 2.15  - 1*s = 2.02
pK2' = 7.20  - 3*s = 6.80
pK3' = 12.35 - 5*s = 11.69
```

१, ३, ५ हे गुणक शेजारच्या दोन रूपांच्या प्रभारवर्गांतील फरक आहेत: १ उणे ०, ४ उणे १, ९ उणे ४. दुसरा pK ६.८० झाला. आता ७.४ उणे ६.८ म्हणजे ०.६, गुणोत्तर ३.९८, आणि HPO₄²⁻ ८० टक्के. तक्त्यातील ८१ आणि आपले ८० यांत एकाच टक्क्याचा फरक उरला, आणि तोही आश्चर्याचा नाही, कारण डेव्हिस समीकरण स्वतः अंदाजे आहे. त्याच तक्त्यात सामू ६.८ साठी ४९ आणि ५१ मिलिलिटर लिहिलेले आहेत, म्हणजे दोन्ही रूपे जवळजवळ निम्मी-निम्मी. छेदनबिंदू ६.८ ला सरकला आहे याचा हा थेट पुरावा तक्त्यातच छापलेला असतो. शरीरद्रवांविषयीच्या पुस्तकांत सामू ७.४ ला दोन्ही फॉस्फेटांचे प्रमाण ४ ला १ दिलेले असते, तेही याच ६.८ मुळे.

म्हणून B1 ते B3 मध्ये pK भरण्याआधी आलेख कोणत्या द्रावणासाठी काढायचा आहे ते ठरवावे. परीक्षेतील किंवा पुस्तकातील आलेखाशी तुलना करायची असेल तर २.१५, ७.२० आणि १२.३५. प्रत्यक्ष बफर बनवायचा असेल तर त्या बफरच्या आयनी तीव्रतेसाठी दुरुस्त केलेले तीन आकडे, आणि आलेखाच्या शीर्षकात ती तीव्रता व तापमान लिहिलेले असावे. सामान्य मीठ घातलेल्या बफरमध्ये मिठाचे आयनही I मध्ये मोजायचे असतात, ०.१५ मोलर सोडियम क्लोराइडने एकट्याने I मध्ये ०.१५ ची भर पडते. डेव्हिस समीकरणाचा भरवसा I सुमारे ०.५ पर्यंतच धरावा. त्याहून संहत द्रावणात, किंवा तिसऱ्या pK च्या आसपास जेथे दुरुस्ती पाचपट असते तेथे, समीकरणाची स्वतःची चूकही तितकीच वाढते. सामू १२ ला PO₄³⁻ चा अंश पहिल्या आलेखावर ३१ टक्के वाचला जातो, तर ०.२६ आयनी तीव्रतेच्या आलेखावर ६७ टक्के; एवढ्या फरकाच्या पट्ट्यात हिशेबावर विसंबण्यापेक्षा, त्याच आयनी तीव्रतेत मोजलेला pK₃ तक्त्यात सापडला तर तोच वापरावा.